‘दोन दिवसांत पसारा काढा’: घरमालकाच्या एका मेसेजचं प्रकरण

गुरुजी ८ फेब्रुवारी २०२५ ला माझ्या वकिलीच्या ऑफिसात आले तेव्हा कराराची फाइल त्यांनी काखेत धरली होती आणि मोबाइल हातात उघडाच होता. हिंगणघाट तालुक्यात, हमरस्त्याला लागून त्यांचं गाव. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशांतून त्यांनी दुमजली इमारत बांधली. खाली दोन फ्लॅट, वर दोन. त्यांतल्या एकात ते स्वतः राहतात, बाकीचे तीन भाड्याने. आमच्याकडे गावातही आता त्याला फ्लॅटच म्हणतात: दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे कपडे वाळत घालायची गॅलरी.

तळमजल्यावरच्या दोन नंबरच्या फ्लॅटमध्ये एक तरुण जोडपं आणि त्यांची लहान मुलगी राहत होती. भाडं ४,५०० रुपये, अनामत १०,०००. करार १ जून २०२४ पासून अकरा महिन्यांचा, म्हणजे ३० एप्रिल २०२५ पर्यंत. कलम ७ मध्ये लिहिलेलं होतं की जागा फक्त कुटुंबाच्या राहण्यासाठी वापरायची, कोणताही धंदा करायचा नाही, आणि केल्यास करार रद्द करून जागा परत घेण्याचा हक्क मालकाला राहील. कलम ९ मध्ये होतं की विनापरवानगी बांधकाम किंवा फेरफार करायचा नाही.

नवऱ्याची वसुलीची नोकरी नोव्हेंबरात सुटली. तेव्हापासून त्या बाईने डबे द्यायला सुरुवात केली. कापसाचा हंगाम, जवळच्या जिनिंगवर बाहेरगावचे कामगार, त्यांना घरच्या जेवणाची गरज. सहा डब्यांपासून सुरुवात झाली. फेब्रुवारी उजाडेपर्यंत दोन्ही वेळचे मिळून बेचाळीस डबे. मागच्या गॅलरीला पत्र्याचा शेड लागला, त्यात गॅसची भट्टी आली, भाकरी थापायला गावातलीच एक मदतनीस बाई येऊ लागली. २ फेब्रुवारीला दोन्ही फ्लॅटचा सामाईक चेंबर तेलाने आणि डाळीच्या गाळाने तुंबला, आणि घाण पाणी एक नंबरच्या फ्लॅटच्या न्हाणीत उलटलं. तिथे राहणारं बँकेतलं कुटुंब गुरुजींवर चिडलं. गुरुजी दोन दिवस धुमसत राहिले आणि ४ तारखेला रात्री पावणेदहाला त्यांनी हा मेसेज टाकला:

‘तुम्ही माझ्या घरात मेस चालवून राहिल्या. करारात साफ लिहून आहे धंदा करायचा नाही. दोन दिवसांत सगळा पसारा काढा, नाही तर पाण्याची लाइन बंद करतो अन् कुलूप लावतो. मग मला दोष देऊ नका. गावात माझी काय इज्जत राहिली.’

हा मेसेज त्यांनी त्या बाईला वेगळा पाठवला नाही. चारही कुटुंबं असलेल्या इमारतीच्या ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी, ५ तारखेला, नेहमीप्रमाणे भाड्याचे ४,५०० रुपये ऑनलाइन आले. सोबत बाईंचा निरोप होता: ‘काकाजी, भाडं पाठवलं. बाकीचं बोलू.’ गुरुजींनी उत्तर दिलं, ‘मिळाले’, आणि पुढे अंगठ्याचं चित्र.

‘मॅडम, करारात लिहून आहे न जी,’ गुरुजी म्हणाले, ‘मग मी चुकलो कुठं?’

करार त्यांच्या बाजूने होता, यात शंका नव्हती. पण मेसेजने आणि त्या अंगठ्याने त्यांची बाजू चार दिवसांत बरीच कमजोर केली होती. ते कसं, हे त्यांना समजावून सांगायला मला तासभर लागला, आणि तेच इथे सविस्तर लिहिते. असे मेसेज माझ्याकडे दर हंगामात येतात आणि चुका जवळजवळ त्याच असतात.

आधी कायदा कोणता

बहुतेक घरमालकांना ‘भाडे नियंत्रण कायदा’ एवढंच माहीत असतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चा आहे, पण तो राज्यातल्या प्रत्येक जागेला सरसकट लागू नाही, त्याची क्षेत्रं ठरलेली आहेत. म्हणून गावातलं प्रकरण आलं की मी आधी तेच तपासते. गुरुजींचं गाव त्या क्षेत्राबाहेर होतं. मग उरतो १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि साधा दिवाणी दावा. शहरात लिव्ह अँड लायसन्सचा करार संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन जागा लवकर मागता येते, तो रस्ता इथे नव्हता.

१८८२ च्या कायद्याच्या कलम १११(ग) नुसार, भाडेकरूने करारातली स्पष्ट अट मोडली आणि अट मोडल्यास जागा परत घेण्याचा हक्क करारात राखलेला असेल, तर मालक लेखी नोटीस देऊन भाडेपट्टा संपवू शकतो. गुरुजींच्या कलम ७ मध्ये तो हक्क होता, हे त्यांचं नशीब. गावात शंभराच्या बाँडवर टाइप केलेल्या कित्येक करारांत ‘धंदा करणार नाही’ एवढंच असतं, केला तर काय याबद्दल अवाक्षर नसतं.

पण याच्या पुढचं कलम फार थोड्यांना ठाऊक असतं, आणि मेसेज कसा लिहायचा हे खरं तर तेच ठरवतं. कलम ११४-अ म्हणतं की अशा भंगासाठी जागा खाली करून मागण्याचा दावा लावण्याआधी मालकाने लेखी नोटीस दिलेली असली पाहिजे. त्या नोटिशीत नेमका कोणता भंग झाला ते सांगितलेलं हवं. भंग सुधारण्यासारखा असेल तर तो सुधारायला सांगितलेलं हवं. आणि वाजवी मुदतीत भाडेकरूने तो सुधारला नाही, तरच दावा चालतो. वाजवी म्हणजे किती दिवस हे कायद्यात लिहिलेलं नाही. कामाच्या स्वरूपावर ते ठरतं.

आता गुरुजींचा मेसेज पुन्हा वाचा. ‘मेस चालवून राहिल्या’ यात नेमकं काय केलं ते नाही: शेड नाही, भट्टी नाही, सिलिंडर नाहीत. ‘पसारा काढा’ म्हणजे काय काढायचं? भांडी, भट्टी, की स्वतःचा संसार? बाईंनी तो ‘घर खाली करा’ असाच वाचला होता, आणि रात्रभर त्या झोपल्या नाहीत. बेचाळीस लोकांचा महिन्याचा आगाऊ पैसा घेतलेला असताना दोन दिवसांची मुदत कोणत्याही न्यायाधीशाला वाजवी वाटणार नाही. राहिलं पाणी आणि कुलूप. कायदेशीर मार्ग न वापरता भाडेकरूला बाहेर काढलं, तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली तो सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मिळवू शकतो, आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्न कामाचा नसतो. म्हणजे गुरुजींनी खरंच कुलूप लावलं असतं तर पुढचं सगळं वर्ष ते आपल्याच घराच्या दाव्यात प्रतिवादी म्हणून उभे राहिले असते.

अंगठ्याचं काय झालं

मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती ५ फेब्रुवारीच्या ‘मिळाले’ची.

१८८२ च्याच कायद्याचं कलम ११२ असं आहे: अट मोडल्यामुळे भाडेपट्टा संपला असं मालकाने एकदा ठरवलं, आणि त्यानंतरचं भाडं त्याने माहीत असून स्वीकारलं, तर त्याने तो भंग माफ केला असं धरलं जातं. ४ तारखेला रात्री ‘काढा’ म्हणायचं आणि ५ तारखेला सकाळी फेब्रुवारीचं भाडं अंगठा दाखवून घ्यायचं, ही दोन माणसांची बोलणी वाटतात. बाईंचा वकील कोर्टात पहिलं हेच दाखवेल.

आणि आणखी एक गोष्ट होती, जी गुरुजींनी मला आपणहून सांगितली नाही. ती मला १२ तारखेला बाईंकडून कळली.

१२ फेब्रुवारीला आम्ही फ्लॅट पाहायला गेलो. आदल्या दिवशी गुरुजींनी बाईंना मेसेज करून विचारलं होतं, त्यांनी दुपारी तीनची वेळ दिली होती. मी घरमालकाला एकट्याने, न सांगता, जास्तीच्या किल्लीने जाऊ देत नाही. बाईंनी दार उघडलं. ओट्यावर वांग्याची भाजी निवत होती, संध्याकाळचे डबे भिंतीला लागून ओळीने उपडे मांडले होते आणि प्रत्येकावर नेलपॉलिशने आकडा लिहिला होता. त्यांनी आम्हाला बसायला सतरंजी टाकली आणि गुरुजींकडे बघून सरळ विचारलं, ‘काकाजी, डब्याचं तुम्हाले आता माहीत झालं का? डिसेंबरात काकू पुण्याले गेल्या तवा पंधरा दिवस तुम्हीच त खाल्ला न माह्या हातचा डबा.’

गुरुजी खाली बघत राहिले. मग म्हणाले, ‘तवा दहा-बारा डबे होते बाई. तवा भट्टी नोती.’

दोघांचंही खरं होतं. मी नंतर गुरुजींच्या मोबाइलमध्ये पाहिलं: २८ डिसेंबरला त्यांनी बाईंना ९०० रुपये पाठवले होते आणि पुढे लिहिलं होतं ‘डबा’. म्हणजे डबे विकले जातात हे मालकाला डिसेंबरपासून माहीत होतं, आणि तो स्वतः गिऱ्हाईक होता. जानेवारीचं भाडंही त्याने निमूट घेतलं होतं.

याने गुरुजींचा हक्क कायमचा गेला का? नाही. रोज चालणारा वापर हा रोजचा नवा भंग असतो. मागच्या दिवसांना माफी मिळाली असं धरलं, तरी पुढच्या दिवसांसाठी नव्याने, नीट नोटीस देता येते. पण ४ तारखेच्या मेसेजवर पुढचं काही उभं करणं शहाणपणाचं नव्हतं. तो मेसेज मोडीत काढून नव्या तारखेपासून सुरुवात करायची, असं मी ठरवलं. आणि तक्रारीचं वजन ‘डबे’ या शब्दावर टाकायचं नाही, डिसेंबरनंतर जे बदललं त्यावर टाकायचं.

फ्लॅटमध्ये खरोखर काय होतं

मागची गॅलरी साधारण चार फूट रुंद, तीन फुटी कठडा. त्यावर छतापर्यंत पत्रा ठोकला होता, भिंतीत आठ बोल्ट घालून. हवा यायला फक्त वरच्या कडेला वीतभर फट. आत दोन शेगड्यांची भट्टी, शेजारी १४.२ किलोचे दोन घरगुती सिलिंडर, आणि एक भरलेला जादाचा, भावाकडून मागून आणलेला. बाईंना वाटत होतं, वर फट आहे म्हणजे गॅस गळला तरी निघून जाईल. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर खाली बसतो, आणि तीन फुटी कठड्याआड त्या फरशीवर हौदात पाणी साचावं तसा साचला असता. स्वयंपाकघराचं दार दोन हातांवर, आणि तिथे त्यांची मुलगी खाली बसून खेळत होती. मी ते दाखवलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. उठल्या, आणि मुलीला उचलून पुढच्या खोलीत नेऊन बसवलं.

घरगुती सिलिंडर विक्रीच्या स्वयंपाकाला वापरणं हे २००० च्या एलपीजी आदेशाच्याही विरुद्ध आहे. त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो. तो महाग पडतो म्हणून गावोगावी डबेवाल्या बाया घरगुतीच वापरतात. पण इथे कराराचा प्रश्न बाजूला ठेवला तरी जिवाचा प्रश्न होता.

गुरुजींची विजेबद्दलची भीती मात्र बिनबुडाची निघाली. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की भरारी पथक आलं तर घरगुती मीटरवर धंदा चालवल्याबद्दल दुप्पट दराने वसुली निघेल, आणि मीटर त्यांच्या नावावर. वीज कायद्याच्या कलम १२६ मध्ये तशी तरतूद आहे, हे खरं. पण वीज नियामक आयोगाच्या दरआदेशांत घराच्या काही भागातून छोटा व्यवसाय करणाऱ्यांना एक सवलत आलेली आहे: वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि वर्षाला ३,६०० पर्यंत असेल तर घरगुतीच दर लागतो. आम्ही त्या फ्लॅटची बिलं काढली. जानेवारीचं सर्वांत जास्त, आणि तेही १९० युनिट. मी गुरुजींना सांगितलं, विजेचा मुद्दा नोटिशीत घालू नका. खोटा निघणारा एक मुद्दा खऱ्या चारांवर पाणी फिरवतो.

पाण्याचं गाऱ्हाणं खरं होतं. ग्रामपंचायतीचा नळ दिवसाआड, बाकी सगळं बोअरवर. दोन हजार लिटरची टाकी पूर्वी दिवसातून एकदा भरत, आता दोनदा मोटार लावावी लागत होती. चेंबर साफ करायला १,८०० रुपये गेले होते. तो सगळा खर्च बाईंनी द्यावा असा गुरुजींचा आग्रह होता. पण त्याच चेंबरला एक नंबरचीही मोरी जोडलेली, आणि आधी तो कधी साफ केला होता हे गुरुजींना सांगता येईना. निम्मे मागा, म्हटलं.

दुसरा मेसेज

१४ फेब्रुवारीला गुरुजींनी बाईंना, ग्रुपवर नाही, थेट, पुढचा मेसेज पाठवला. तोच मजकूर कागदावर, सही करून, रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह गेला. (रजिस्टर पोस्ट त्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, आता तेच वापरायचं.) मेसेज लवकर पोचतो, वाचल्याची खूण दिसते, पण लेखी नोटीस द्यायची म्हटली की सहीचा कागद आणि पोचपावती हवीच. मेसेज कोर्टात दाखवायचा झाला तर २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ संभाषण मोबाइलमधून पुसायचं नाही, एवढं मी गुरुजींना बजावलं. ४ तारखेचा मेसेज ते लाजेने पुसायला निघाले होते. तोही ठेवायचा.

मजकूर असा होता:

‘ताई, नमस्कार. १ जून २०२४ च्या करारातील कलम ७ प्रमाणे फ्लॅट क्र. २ फक्त कुटुंबाच्या राहण्यासाठी दिला आहे. या फ्लॅटमध्ये विक्रीसाठी रोज दोन वेळा जेवणाचे डबे तयार होतात, त्यासाठी पगारी मदतनीस येते, आणि मागच्या गॅलरीत पत्र्याचा शेड लावून त्यात गॅसची भट्टी व सिलिंडर ठेवले आहेत, हे १२ फेब्रुवारी रोजी तुमच्यासमोर पाहिले. हा कलम ७ चा भंग आहे. शेडला माझी परवानगी नव्हती, हा कलम ९ चा भंग आहे.

गॅलरीतली भट्टी आणि सिलिंडर सात दिवसांच्या आत काढावे, कारण त्यात तुमच्या व शेजाऱ्यांच्या जिवाला धोका आहे. विक्रीचे डबे या फ्लॅटमधून करणे १६ मार्चपर्यंत बंद करावे, आणि त्याच तारखेपर्यंत शेड काढून भिंत पूर्वीसारखी करून द्यावी. चेंबर साफ करण्याच्या १,८०० रुपयांपैकी ९०० रुपये द्यावेत.

तुमच्या राहण्याला माझी हरकत नाही. पाणी, वीज, येणे-जाणे यांत माझ्याकडून अडथळा येणार नाही. ४ फेब्रुवारीच्या मेसेजमधला पाणी बंद करण्याचा व कुलूप लावण्याचा मजकूर मी मागे घेतो. तो ग्रुपवर टाकायला नको होता.

यापुढचे भाडे मी करारातले माझे हक्क राखून स्वीकारीन. वरील मुदतीत दुरुस्ती न झाल्यास करार संपवून जागा परत मागेन. तुमचे म्हणणे लेखी कळवावे, किंवा रविवारी सकाळी घरी भेटावे.’

‘टाकायला नको होता’ हे वाक्य माझ्या मसुद्यात नव्हतं. मसुदा वाचून गुरुजींनी ते स्वतः घातलं. वकील म्हणून मी असं वाक्य सुचवत नाही, कारण त्याचा वापर आपल्याच विरुद्ध होऊ शकतो. पण मी ते काढायला लावलं नाही. त्याच वाक्यामुळे रविवारी बाई भेटायला आल्या, असं मला आजही वाटतं.

‘हक्क राखून’ या दोन शब्दांकडे मात्र लक्ष द्या. भाडं नाकारलं तर मालकाचंच नुकसान, आणि भाडेकरूला आपण भाडं देत होतो हे सांगायला जागा मिळते. भाडं घ्यावं, पण दर वेळी पैसे आले की एक ओळ पाठवावी. गुरुजींनी ५ मार्चला पाठवली: ‘मार्चचे भाडे ४,५०० मिळाले. १४ फेब्रुवारीच्या नोटिशीतील हक्क राखून स्वीकारले.’ या वेळी अंगठा नव्हता.

आता मुदतीबद्दल. धोक्याच्या गोष्टीला सात दिवस आणि धंद्याला तीस, असं मी मुद्दाम वेगळं केलं. भट्टी हलवायला एक दुपार पुरते. डबे बंद करायचे तर घेतलेले पैसे फेडायचे असतात, माणसांना दुसरी सोय सांगायची असते. दोन्हींना एकच मुदत दिली असती तर ती एकाला फार झाली असती आणि दुसऱ्याला अपुरी.

रविवारची बैठक

१६ फेब्रुवारीला सकाळी गुरुजींच्या घरी बाई, त्यांचा नवरा आणि मी. काकूंनी चहा केला. नवरा पहिली दहा मिनिटं चढ्या आवाजात बोलला. त्याचं म्हणणं, ग्रुपवर बायकोची बेअब्रू केली, आता नोटीस कशाची देता, कोर्टात बघू. मी त्याला बोलू दिलं. मग बाईंनीच त्याला थांबवलं आणि म्हणाल्या, ‘भट्टी मी उद्याच काढते. पण काकाजी, मार्च सरेस्तोवर जिनिंग चालू आहे. ते पोरं एप्रिलात आपापल्या गावी जातील. तवर मले घरच्या गॅसवर, कमी डबे करून, चालू द्या.’

मी गुरुजींना बाजूला घेऊन हिशेब सांगितला. करार ३० एप्रिलला संपतो. आज दावा लावला तरी एप्रिलच्या आत निकाल लागायचा नाही. जागा खाली करण्याचा दिवाणी दावा वर्षानुवर्षं चालतो. म्हणजे भंगाच्या जोरावर जागा मिळवण्यापेक्षा कराराची मुदत संपणं हेच त्यांचं जवळचं हत्यार होतं. त्यात एकच खबरदारी: ३० एप्रिलनंतर नवा करार न करता भाडं घेत राहिले, तर १८८२ च्या कायद्याच्या कलम ११६ प्रमाणे भाडेपट्टा महिना-महिन्याने पुढे चालतो, आणि मग तो संपवायला कलम १०६ ची पंधरा दिवसांची वेगळी नोटीस द्यावी लागते. कित्येक मालक तिथेच अडकतात. करार संपून तीन वर्षं झालेली, भाडं चालू, आणि मग एक दिवस त्यांना जुन्या करारातलं कलम आठवतं.

गुरुजींनी ३१ मार्चपर्यंत वाढ दिली. तोंडी नाही, त्याच दिवशी मेसेजने, तीन अटींसह: डबे पंधरापेक्षा जास्त नाहीत, गॅलरीत गॅस नाही, वाढ फक्त एकदाच आणि नोटिशीतले हक्क राखून. बाईंनी उत्तर दिलं, ‘मान्य आहे काकाजी.’ ही दोन वाक्यं पुढे गुरुजींना दाव्यात लागलीच असती, तर नोटिशीइतकीच उपयोगी पडली असती.

भट्टी १७ तारखेला संध्याकाळी निघाली. शेड मात्र निघता निघता मार्चचा शेवट आला, कारण पत्रे ठोकणारा माणूस लग्नसराईच्या मांडवांत गुंतला होता. बोल्टांची आठ भोकं राहिली आणि कठड्यावरची एक फरशी फुटली. गवंड्याचे १,१०० रुपये बाईंनी रोख दिले, अनामतीतून कापू दिले नाहीत. चेंबरचे ९०० देताना त्या म्हणाल्या की एक नंबरवाल्यांकडून उरलेले ९०० गुरुजींनी मागितले का. गुरुजींनी मागितले नव्हते, आणि शेवटपर्यंत मागितले नाहीत. बाईंच्या मनात ते राहिलं आहे, आणि माझ्या मते रास्त आहे.

एप्रिलात बाईंनी बसस्टँडमागे एक जुनं पत्र्याचं घर १,५०० रुपये भाड्याने घेतलं, मोकळ्या अंगणाचं, आणि पुढच्या हंगामाचे डबे तिथून द्यायचं ठरवलं. राहायला त्यांना फ्लॅटच हवा होता.

नवा करार १ मेपासून झाला, ४,८०० रुपयांवर. या वेळी मी तो नोंदणी करून घ्यायला लावला. नोंदणी फी लागते, मुद्रांक शुल्क वेगळं. जुन्या कलम ७ ऐवजी नवं कलम लिहिलं. ‘कोणताही धंदा नाही’ हे शब्द काढले, कारण त्यात शिलाईयंत्रही येतं आणि भट्टीही, आणि मालक एकाकडे कानाडोळा करतो तेव्हा दुसऱ्याबद्दल बोलायचा त्याचा हक्क ढिला होतो. त्याऐवजी असं लिहिलं की विक्रीसाठी स्वयंपाक, पगारी मदतनीस, विक्रीच्या मालाचा साठा आणि घरगुती शेगडीखेरीज कोणतीही भट्टी यांना मनाई. घरातल्या माणसाने केलेली शिलाई, एका वेळी पाच मुलांपर्यंत शिकवणी आणि संगणकावरचं काम यांना हरकत नाही. बाकी काही सुरू करायचं तर आधी लेखी परवानगी.

मसुदा वाचून झाल्यावर बाई म्हणाल्या, माझंही एक कलम टाका. काय, तर कराराबद्दल काहीही सांगायचं असेल तर मालक भाडेकरूशी थेट बोलेल, इतर भाडेकरूंपुढे किंवा ग्रुपवर मांडणार नाही.

मी गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि म्हणाले, ‘लिवा मॅडम. कलम आठ.’